मधला आकडा टक्क्यांचा

[दृश्य: टायरची बाजू, अक्षरं जवळून]

टायरवर उठावात लिहिलंय: 205/55 R16. आकडे तीन, पण एकाचंही माप दुसऱ्यासारखं नाही. पहिला मिलिमीटरमध्ये, शेवटचा इंचांत आणि मधला चक्क टक्क्यांत. घोळ होतो तो बहुतेक या मधल्यापाशीच.

२०५ ही टायरची रुंदी. ती मोजतात हवा भरलेल्या टायरच्या एका बाजूच्या फुगवट्यापासून दुसऱ्या बाजूच्या फुगवट्यापर्यंत. रस्त्याला टेकणारा पट्टा याहून अरुंद असतो, त्यामुळे नक्षीवर टेप धरला तर २०५ भरणार नाहीत.

[दृश्य: रिमच्या कडेपासून वर नक्षीपर्यंत सरकणारं बोट]

आता ५५. रिमपासून नक्षीपर्यंतची ही उंची, म्हणजे साइडवॉल, रुंदीच्या ५५ टक्के आहे. २०५ चे ५५ टक्के म्हणजे ११२.७५ मिलिमीटर.

R म्हणजे रेडियल, टायरच्या आतल्या धाग्यांची रचना. त्रिज्येशी त्याचा काही संबंध नाही. १६ हा रिमचा व्यास, इंचांत. एक इंच २५.४ मिलिमीटरचा, म्हणून रिम झाली ४०६.४ मिलिमीटरची.

साइडवॉल रिमच्या वरही असते आणि खालीही, म्हणून ती दोनदा धरायची.

```
406.4 + 2 × 112.75 = 631.9
```

टायरचा पूर्ण व्यास सुमारे ६३२ मिलिमीटर.

[दृश्य: शेजारी शेजारी दोन टायर]

समजा, कुणाला टायर जरा रुंद हवाय. २०५ च्या जागी २२५, बाकी सगळं तेच: 225/55 R16. वाटतं, फक्त रुंदीच वाढली. पण ५५ टक्के आता २२५ चे निघतात. साइडवॉल १२३.७५ झाली आणि व्यास ६५३.९. टायर २२ मिलिमीटरनं उंच झाला, म्हणजे जवळपास साडेतीन टक्क्यांनी.

चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं, पण स्पीडोमीटर जुन्याच हिशेबानं चालतो. त्यानं आधी अचूक १०० दाखवला असेल, तर आता १०० दिसताना गाडी १०३ च्या पुढे असते. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासू शकतो. तिथे घासून चकचकीत झालेला पट्टा दिसला, की समजावं.

रुंदी वाढवायचीच असेल, तर टक्का उतरवावा लागतो. 225/50 R16 चं गणित मांडा: २२५ चे निम्मे ११२.५, व्यास ६३१.४. मूळ टायरशी फरक अर्ध्या मिलिमीटरचा. अर्थात त्या रुंदीला गाडीची रिम चालते का, हे वेगळं तपासावं लागतं. ते या तीन आकड्यांत लिहिलेलं नसतं.

[दृश्य: उभी गाडी, टायरला लावलेला टेप]

आणि उभ्या गाडीच्या टायरची उंची मोजली, तर ती ६३२ पेक्षा कमीच भरेल. गाडीच्या वजनानं टायर खाली दबलेला असतो. हिशेबातला व्यास बिनभाराच्या टायरचा आहे.