‘भ्याल्या होत्या ना’ : मार्कचा शेवट आणि पानाखालची टीप

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आज विषय दोन आहेत. मार्ककृत शुभवर्तमानाचा शेवट कुठे होतो हा पहिला. दुसरा म्हणजे भाषांतरात पानाच्या तळाशी ‘काही जुन्या हस्तलिखितांत हे नाही’ अशी बारीक अक्षरातली ओळ येते, ती वाचायची कशी. दुसरा विषय जास्त कामाचा आहे, पण पहिल्याशिवाय तो कळणार नाही. मार्कचा सोळावा अध्याय आपण सर्वांनी वाचलेला आहे असे धरून मी सुरुवात करतो.

आधी एक प्रसंग सांगतो, कारण या विषयात मी शिरलो तो त्याच्यामुळे. पुनरुत्थानाच्या सणाआधी आमचा एक वाचनवर्ग असे. प्रत्येकाने आळीपाळीने एक ओवी मोठ्याने वाचायची. पुस्तके मात्र ज्याची त्याची, प्रत्येकाची आवृत्ती वेगळी. सोळाव्या अध्यायाची आठवी ओवी झाली. नववी ज्यांच्या वाट्याला आली ते गृहस्थ थबकले. त्यांच्या खिशात मावणाऱ्या आवृत्तीत नवव्या ओवीच्या आधी दुहेरी चौकोनी कंस होता. तो विसाव्या ओवीनंतर बंद होत होता, पण का घातला याबद्दल पानावर अक्षर नव्हते. पुनर्मुद्रणात जागा वाचवायला तळटीपा काढल्या आणि कंस तसेच राहिले, हे पुढे दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्यावर माझ्या लक्षात आले. ते गृहस्थ म्हणाले, “छपाईची चूक दिसते.” शेजारच्या बाईंच्या पुस्तकात टीप होती. त्यांनी ती वाचून दाखवली : सर्वांत जुन्या हस्तलिखितांत 9 ते 20 या ओव्या नाहीत.

वर्गात एक आजी होत्या. ऐंशीच्या पुढच्या. त्यांनी पुस्तक मिटले आणि विचारले, “मग आजवर मी काय वाचत होते?”

वर्ग घेणारे म्हणाले, “आजी, टिपा अभ्यासकांसाठी असतात, आपण पुढे जाऊ.” आणि आम्ही पुढे गेलो. मला ते तेव्हाही पटले नाही, आजही पटत नाही. टीप छापली म्हणजे ती वाचणाऱ्यासाठीच छापली. ज्यांनी ती एका ओळीत बसवली त्यांनी काही खोटे लिहिलेले नाही. पण त्या ओळीत दोन गोष्टी सांगायच्या राहिल्या, आणि आजींचे पुस्तक मिटले ते त्या दोन गोष्टींपायी. माझी तक्रार एवढीच आहे, आणि आजचे व्याख्यान त्या आजींना द्यायचे राहिलेले उत्तर आहे.

आता ‘सर्वांत जुनी हस्तलिखिते’ म्हणजे कोणती ते पाहू. मुख्यतः दोन, दोन्ही ग्रीक, दोन्ही चौथ्या शतकातली, दोन्ही चामड्याच्या पानांवर लिहिलेली. एक व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे म्हणून व्हॅटिकानस. दुसरे सीनायच्या मठात मिळाले म्हणून सिनाइटिकस, त्याचा बहुतेक भाग आता लंडनमध्ये आहे. दोन्हींत मार्क आठव्या ओवीला संपतो. बाया कबरेपासून पळाल्या, त्यांनी कोणाला काही सांगितले नाही, कारण त्या भ्याल्या होत्या. इथे पूर्णविराम.

व्हॅटिकानसचे ते पान डोळ्यांपुढे आणा. प्रत्येक पानावर तीन उभे रकाने. मार्क दुसऱ्या रकान्यात संपतो. या लेखकाची पद्धत अशी की एक पुस्तक संपले की पुढच्याच रकान्यात दुसरे सुरू करायचे. इथे मात्र त्याने तिसरा रकाना अख्खा कोरा सोडला आणि लूक नव्या पानावर घेतला. नव्या करारात त्याने असे दुसरीकडे कुठेही केलेले नाही. मग आणखी एक शेवट आहे हे त्याला ठाऊक होते का? अनेकांना तसे वाटते. पण जुन्या कराराच्या भागात इतर कारणांनी कोरे राहिलेले रकाने आहेत, आणि बारा ओव्या त्याच्या नेहमीच्या अक्षरात त्या जागेत मावत नाहीत, दाटीने लिहाव्या लागतील. म्हणून कोऱ्या रकान्यावर फार मोठी इमारत उभारू नये.

टिपेत राहिलेली पहिली गोष्ट अशी. जुने हस्तलिखित म्हणजे जुना मजकूर, असे समीकरण नाही. मार्कचा सोळावा अध्याय असलेले, आपल्या हाती आलेले एकही हस्तलिखित चौथ्या शतकाच्या आधीचे नाही. तिसऱ्या शतकातला एक पपायरस आहे, पण त्यात मार्कचा मधलाच भाग उरला आहे, शेवट नाही. आणि इरेनियस हे धर्माचार्य साधारण इसवी सन 180 च्या सुमारास मार्कच्या शेवटचे वाक्य म्हणून एकोणिसावी ओवी देतात! म्हणजे लांब शेवट या दोन ‘सर्वांत जुन्या’ प्रतींपेक्षा दीडशे वर्षे तरी आधी वाचला जात होता. पुढच्या शतकांतल्या ग्रीक प्रतींपैकी बहुतेक सर्वांत तो आहे, आणि त्या प्रती शेकड्यांनी आहेत. ‘जुन्या प्रतींत नाही’ हे खरे आहे, ‘पुष्कळ उशिरा घुसडले’ हे त्यातून निघत नाही.

असे असूनही बहुतेक अभ्यासक या बारा ओव्या मार्कच्या हातच्या मानत नाहीत. मीही मानत नाही. याचे कारण प्रतींच्या वयापेक्षा सांध्यात जास्त आहे, आणि टिपेत राहिलेली दुसरी गोष्ट हीच. आठवी आणि नववी ओवी सलग वाचा. आठव्या ओवीत बाया पळत आहेत. नवव्या ओवीत त्या नाहीशा होतात आणि मग्दालीया मरीयेची ओळख करून दिली जाते : जिच्यातून येशूने सात भुते काढली होती ती. अहो, हीच मरीया पंधराव्या अध्यायात दोनदा नावानिशी आली आहे आणि सोळाव्याच्या पहिल्याच ओवीत आहे. आपण ज्या माणसाबरोबर तासभर बसलो आहोत त्याची ओळख कोणी मध्येच करून दिली तर कळते की बोलणारा नुकताच आत आलाय. शिवाय मूळ ग्रीकमध्ये नवव्या ओवीत ‘येशू’ हे नावच नाही, नुसते ‘तो उठल्यावर’. आठव्या ओवीचा विषय बाया, मग ‘तो’ कोण? भाषांतरकार बहुधा नाव घालतात आणि सांधा झाकला जातो. सातव्या ओवीत दूताने सांगितले होते की तो तुम्हांला गालीलात भेटेल. पुढच्या बारा ओव्यांत गालीलाचे नावही नाही.

पण सर्वांत वजनदार पुरावा माझ्या मते वेगळाच आहे. एक दुसरा, अगदी छोटा शेवटही आहे, दोनएक वाक्यांचा. त्यात बाया पेत्राला आणि त्याच्या सोबत्यांना सारे थोडक्यात सांगतात आणि मग येशू तारणाची घोषणा पूर्वेपासून पश्चिमेपर्यंत पाठवतो. बॉबिएन्सिस नावाच्या जुन्या लॅटिन प्रतीत तेवढाच शेवट आहे. गंमत म्हणजे ‘त्यांनी कोणाला काही सांगितले नाही’ हे आठव्या ओवीतले शब्द त्या प्रतीत गाळले आहेत, नाहीतर लगेच पुढे त्या सांगतात कशा? आठव्या शतकातल्या एका ग्रीक प्रतीत दोन्ही शेवट एकापाठोपाठ आहेत. आता विचार करा : ज्याच्या प्रतीत बारा ओव्यांचा भरीव शेवट आहे, तो हा दोन वाक्यांचा शेवट कशाला रचेल? ज्याच्या पुढ्यातली प्रत आठव्या ओवीला थांबली होती, त्यानेच तो रचला. म्हणजे आठवीला संपणाऱ्या प्रती फक्त दोन नव्हत्या. चौथ्या शतकात युसेबियसही सांगतात की अचूक प्रती इथेच थांबतात.

मग मार्कनेच तिथे थांबवले, की शेवटचे पान हरवले? शेवटचे ग्रीक वाक्य दोन शब्दांचे आहे : ‘एफोबून्तो गार’. ‘गार’ म्हणजे ‘कारण’, आणि तो शब्द वाक्यात पहिला येऊ शकत नाही, म्हणून दोन शब्दांच्या वाक्यात तो शेवटी जातो. ‘पुस्तक “कारण” या शब्दावर कसे संपेल?’ असे विचारणारे आहेत. मराठी माणसाला ते अवघड वाटायला नको. “तो आला नाही. आजारी होता ना.” तसेच : “त्यांनी कोणाला सांगितले नाही. भ्याल्या होत्या ना.” वाक्य पुरे आहे. पुस्तक पुरे आहे की नाही यावर मात्र अभ्यासकांत एकमत नाही, आणि मी ते इथे मिटवणार नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटे उरलीत. टिपा कशा वाचायच्या ते भरभर सांगतो.

टीप दिसली की आधी तिची जात ओळखा. ‘किंवा’ ने सुरू होणारी टीप हस्तलिखितांबद्दल नसते. मूळ शब्द तोच, अर्थ दोन लागतात, एवढेच ती सांगते. ‘हस्तलिखितांत’ असा शब्द असेल तरच मजकुराचा प्रश्न. मग पाहा की टीप ‘काही’ म्हणते की ‘सर्वांत जुनी’ की ‘बहुतेक’. ‘काही’ हे मोजमाप नाही. दोनही काही आणि दोनशेही काही. आणि तो मजकूर वर पानात ठेवलाय, कंसात ठेवलाय की खाली टिपेत टाकलाय, हेही पाहा. तो संपादकांचा कौल असतो आणि कौल बदलतोही. इंग्रजीतल्या रिव्हाइज्ड स्टँडर्ड भाषांतराने 1946 मध्ये या बारा ओव्या तळटिपेत नेल्या आणि 1971 च्या आवृत्तीत परत पानावर आणल्या. मधल्या काळात हस्तलिखिते तीच होती.

दुसरे, गेले काय ते तपासा. याच मार्कच्या नवव्या अध्यायात अनेक आवृत्त्यांत 43 नंतर एकदम 45 येते, आणि 45 नंतर 47. ओव्यांचे आकडे 1551 मध्ये एस्तिएन या मुद्रकाने त्या काळच्या छापील ग्रीक मजकुरावरून घातले. पुढे जुन्या प्रतींत 44 आणि 46 नाहीत असे दिसल्यावर ओव्या गेल्या, पण सगळे आकडे हलवायचे नाहीत म्हणून जागा रिकामी राहिली. आणि त्या दोन ओव्यांत होते काय? ‘त्यांचा किडा मरत नाही आणि अग्नी विझत नाही’, म्हणजे 48 व्या ओवीतलेच शब्द. 48 वी सर्व प्रतींत आहे. बोट ठेवून ताडून पाहिले तर मिनिटात कळते की एक अक्षरही हरवलेले नाही. बहुतेक टिपा या मापाच्या असतात. बारा ओव्यांएवढा मोठा प्रश्न नव्या करारात आणखी एकच आहे : योहान 7:53 ते 8:11, व्यभिचारात धरलेल्या स्त्रीचा प्रसंग.

तिसरे, ‘हे मार्कने लिहिले का’ आणि ‘हे मंडळीचे शास्त्र आहे का’ हे दोन प्रश्न आहेत. टीप पहिल्याबद्दलच बोलते. कॅथलिक उपासनेत स्वर्गारोहणाच्या सणाला दर तीन वर्षांनी मार्क 16:15-20 आजही वाचले जाते, टीप ठाऊक असूनच.

चौथा मुद्दा अठराव्या ओवीतल्या सापांचा होता. त्याला वेळ नाही, एवढेच सांगतो की मेलिता बेटावर पौलाच्या हाताला साप डसला ती गोष्ट प्रेषितांच्या कृत्यांतली आहे, अठ्ठाविसावा अध्याय, आणि ती कुठल्याही कंसात नाही.

आजींचे राहिले. पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे पुस्तक घेऊन गेलो आणि सांधा दाखवला : इथे बाया पळाल्या, इथे मरीयेची पुन्हा ओळख. त्यांनी चष्मा लावून दोन्ही ओव्या तीनदा वाचल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे पहिल्यांदा ऐकणाऱ्यांनाही हा शेवट पुरला नव्हता तर.” आणि विसाव्या ओवीपर्यंत वाचत राहिल्या.