बरणीतल्या हवेचे पाच वाटे

[दृश्य: इंदूरमधल्या एका महाविद्यालयाची भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा. टेबलावर काचेची मोठी बरणी.]

बरणीच्या तोंडाला घट्ट रबरी बूच आहे. बुचातून तीन नळ्या निघतात: एक हातपंपाकडे, एक दाब मोजणाऱ्या मॅनोमीटरकडे, आणि तिसऱ्या, रुंद नळीवर तोटी. आत इंदूरचीच हवा आहे, फक्त सिलिका जेलवरून नेऊन कोरडी केलेली. या हवेचा रेणू उष्णता किती प्रकारे साठवतो, हे मॅनोमीटरच्या सेंटिमीटरांत वाचता येतं.

आधी सोपा वायू घेऊ, आर्गॉन. त्याचा रेणू म्हणजे एकटा अणू. तो तीन दिशांना धावू शकतो, म्हणून त्याच्या स्वातंत्र्याच्या मात्रा तीन. समविभाजनाचा नियम सांगतो की प्रत्येक मात्रेला सारखाच वाटा मिळतो: एका मोलमागे वायुस्थिरांक R चा निम्मा, म्हणजे दर केल्विनला ४.१६ ज्यूल. तीन वाटे मिळून १२.५. आकारमान स्थिर ठेवून आर्गॉनची किंवा हेलियमची मोलार उष्माधारकता मोजली, तर हाच आकडा येतो.

[दृश्य: दोन मण्यांचं डंबेल, आधी फिरताना, मग ताणताना.]

हवा मात्र बहुतेक नायट्रोजन आणि ऑक्सिजनची. त्यांच्या रेणूत दोन अणू असतात. धावण्याच्या तीन मात्रा, आडव्या अक्षांभोवती फिरण्याच्या दोन: झाले पाच वाटे, २०.८ ज्यूल. पण दोन अणूंमधला बंध ताणतो आणि आखडतोही. त्या कंपनाची गतिज ऊर्जा एक मात्रा, स्थितिज ऊर्जा दुसरी. मग वाटे सात, २९.१ ज्यूल. खरं कोणतं?

दाब स्थिर ठेवला तर वायूला प्रसरणाचं कामही करावं लागतं, म्हणून उष्माधारकता R ने वाढते. स्थिर दाबाची आणि स्थिर आकारमानाची उष्माधारकता यांचं गुणोत्तर म्हणजे गॅमा, γ. पाच वाट्यांना ते १.४०, सातांना १.२९, आर्गॉनला १.६७. बरणी हाच गॅमा देते.

[दृश्य: पंप. मॅनोमीटरमधलं रंगीत पाणी चढतं.]

पंपाने दाब वाढवला की हवा थोडी तापते. पाणी पूर्ण स्थिर होईपर्यंत थांबायचं. समजा पाण्याच्या दोन पातळ्यांतला फरक, h₁, १४.० सेंटिमीटर आहे. आता तोटी उघडून लगेच बंद. हवा झटक्यात प्रसरण पावून थंड होते, मग भिंतींकडून उष्णता घेत पुन्हा खोलीच्या तापमानाला येते, आणि पाणी पुन्हा चढतं. हे दुसरं वाचन h₂.

γ = h₁ / (h₁ − h₂)

या सूत्रातून आधीच भाकीत करता येतं. पाच वाटे असतील तर दुसरं वाचन ४.० सेंटिमीटर, सात असतील तर ३.१. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंच आहे, पण म्हणून सूत्रात बदल लागत नाही: १४ सेंटिमीटर पाण्याचा दाब वातावरणाच्या दाबापुढे फार लहान असल्यामुळे वातावरणाचा दाब सूत्रातून गळून जातो.

प्रत्यक्षात ३.८ आलं, तर गॅमा १.३७. थोडंसं कंपनही जागं आहे, असा अर्थ इथे काढू नये. तोटी क्षणभर जास्त उघडी राहिली की भिंतींची उष्णता आत शिरते आणि दुसरं वाचन घटतं. फार लवकर बंद केली तर दाब पुरता उतरत नाही आणि वाचन ४.० च्या वर जातं. पहिलं वाचन घाईने, हवा निवण्याआधीच घेतलं, तरी गॅमा कमीच येतो. ओळखायचं कसं? तोटी कमी-जास्त वेळ उघडी ठेवून पाहा. हातासोबत बदलतो तो दोष हाताचा.

वाटे पाचच आहेत. मग कंपनाचे दोन कुठे गेले? समविभाजन गृहीत धरतं की ऊर्जा हवी तेवढी बारीक वाटता येते. कंपनाची ऊर्जा मात्र ठरावीक तुकड्यांतच मिळते. नायट्रोजनचा एक तुकडा तापमानाच्या भाषेत सुमारे ३,४०० केल्विनचा, आणि खोली ३०० केल्विनची. धडकांतून एवढा तुकडा जवळपास कधीच मिळत नाही. फिरण्याचा तुकडा तीनेक केल्विनचा, म्हणून ते दोन वाटे पूर्ण मिळतात. अणूंना जोडणाऱ्या अक्षाभोवतीचं फिरणं आपण मोजलं नाही, तेही याच कारणाने: तिथला तुकडा अवाढव्य असतो.

[दृश्य: क्लोरीनचा आलेख.]

क्लोरीन विषारी, तो या बरणीत भरायचा नाही. पण त्याचा आकडा पाहण्यासारखा आहे. त्याचे अणू जड, बंध ढिला, तुकडा ८०० केल्विनच्या आसपास. खोलीच्या तापमानाला त्याची उष्माधारकता २५.६, म्हणजे पाच आणि सात वाट्यांच्या मध्ये अडकलेली. इथे नुसती मोजणी चालत नाही, तापमान विचारावंच लागतं.

हायड्रोजनमध्ये उलटी बाजू दिसते. तो इतका हलका की त्याच्या फिरण्याचाही तुकडा ८५ केल्विनच्या घरातला. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आर्नोल्ड आयकेन यांनी १९१२ मध्ये तो थंड करत मोजला. साधारण ६० केल्विनच्या खाली आकडा १२.५ वर आला: दोन अणूंचा रेणू, आणि वाटे आर्गॉनइतके तीनच.