मागच्या वर्षी क्लेम घेतला होता का? ‘नाही’वर टिक करण्याआधी हे ऐका

नमस्कार मंडळी. गाडीचा विमा ऑनलाइन रिन्यू करताना एक प्रश्न येतो: मागच्या पॉलिसीत क्लेम घेतला होता का? बऱ्याचदा ‘नाही’ आधीच निवडलेलं असतं. आपण घाईत पुढे जातो, किंवा एजंट आपल्या वतीनं भरून टाकतो. पुढे मोठा क्लेम अडकू शकतो तो इथेच.

एक उदाहरण घेऊ, आकडे समजण्यापुरते. एका ताईंच्या कारवर तीन वर्षं क्लेम नव्हता, म्हणून ३५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी, मिळत होता. चौथ्या वर्षी पार्किंगमध्ये बंपर फुटला आणि त्यांनी १४ हजारांचा क्लेम घेतला. खासगी कारला अशा एका क्लेमनंतर बोनस शून्यावर येतो. एनसीबी प्रोटेक्ट अ‍ॅड-ऑन असेल तर गोष्ट वेगळी, पण तो त्यांच्याकडे नव्हता. रिन्युअलला त्यांनी कंपनी बदलली. ‘क्लेम नाही’ अशी नोंद गेली आणि बोनस वाढून ४५ टक्के झाला. गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा, प्रीमियम दहा हजार होता. त्यातले साडेचार हजार वाचले.

सहा महिन्यांनी घाटात अपघात झाला. दुरुस्तीचा अंदाज १ लाख ८० हजार. सर्व्हेअर आला, फोटो झाले, गॅरेजवाल्यानं काम सुरू केलं. आणि मग क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र आलं.

ताईंचा प्रश्न साहजिक होता: बंपरचा आणि घाटातल्या अपघाताचा काय संबंध? संबंध अपघाताशी नाही, सवलतीशी आहे. बोनस घेताना आपण लिहून देतो की मागच्या पॉलिसीत क्लेम झालेला नाही, आणि हे खोटं निघालं तर पॉलिसीच्या सेक्शन १ चे सगळे लाभ जप्त होतील. सेक्शन १ म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीची भरपाई. समोरच्याला झालेल्या इजेची थर्ड पार्टी जबाबदारी हा वेगळा भाग आहे. त्यामुळे पॉलिसी रद्द झालेली नसते, पण गाडीचं बिल मात्र आपल्या डोक्यावर बसतं.

कंपनीला कळतं कसं? मोठा क्लेम आला की ती जुन्या कंपनीला पॉलिसी क्रमांक देऊन विचारते. तिकडे बंपरचा क्लेम नोंदलेला असतोच.

आता कंपनीची बाजूही पाहा, हे फार कमी लोकांना माहीत असतं. मोटार टॅरिफच्या नियमानुसार बोनसचा पुरावा नसताना फक्त घोषणेवर सवलत दिली, तर नव्या कंपनीनं २१ दिवसांत जुन्या कंपनीला पत्र लिहून खात्री करायची असते. पुष्कळदा ते होतच नाही. ग्राहक आयोगांनी काही प्रकरणांत हे धरून कापलेली का होईना, भरपाई द्यायला लावली आहे, तर काहींत नकार योग्य ठरवला आहे. त्यामुळे त्या भरवशावर राहू नका.

आजच पॉलिसी शेड्यूल उघडा आणि एनसीबीचा टक्का बघा. चुकीचा असेल तर अपघात होण्याआधी कंपनीला ईमेल करा, फरकाचे पैसे भरा आणि दुरुस्तीचं एन्डोर्समेंट, म्हणजे पॉलिसीतल्या बदलाची लेखी नोंद, घ्या. सेकंडहँड गाडी घेतली असेल तर लक्षात ठेवा, बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विकणाऱ्याचा ५० टक्के बोनस तुम्हाला लागू होत नाही.

क्लेम अडकण्याचं दुसरं कारण म्हणजे गाडीचा वापर. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून पैसे घेऊन प्रवासी किंवा माल नेला, तर पॉलिसीतली वापराची अट मोडते. मात्र इथे प्रत्येक वेळी भरपाई शून्य होत नाही. भाड्यानं चालवलेली खासगी गाडी चोरीला गेल्याच्या नितीन खंडेलवाल प्रकरणात, २००८ साली, सर्वोच्च न्यायालयानं ७५ टक्के रक्कम कायम ठेवली. २०१० च्या अमलेंदू साहू प्रकरणात तर भाड्यानं दिलेल्या गाडीचा अपघात होता. तिथेही पूर्ण नकार मान्य झाला नाही. अट मोडली तरी काही रक्कम कापून बाकीची देणं, याला ‘नॉन-स्टँडर्ड’ तडजोड म्हणतात, आणि असा क्लेम नाकारला तर हे शब्द आपल्या तक्रार अर्जात लिहायला विसरू नका.

गाडीतल्या बदलांमध्ये सीएनजी किटचा घोळ जास्त दिसतो. किट मान्यताप्राप्त हवं, आरसीवर इंधनाची नोंद हवी आणि पॉलिसीतही ते दाखवलेलं हवं. त्यासाठी ओन डॅमेजमध्ये किटच्या किमतीच्या साधारण ४ टक्के जादा प्रीमियम धरतात. म्हणजे ५० हजारांच्या किटला दोन हजार. ते लपवलं आणि गाडीनं पेट घेतला, तर सर्व्हेअर सगळ्यात आधी किटचेच कागद मागणार.

क्लेम नाकारलाच, तर कारण आणि पॉलिसीतलं कलम लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे कार्यालय आहे आणि फी लागत नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एक वर्षाची मुदत असते. सोबत रिन्युअलचा मूळ प्रपोजल फॉर्म मागून घ्या. ‘क्लेम नाही’ ही टिक तुम्ही केली होती, एजंटनं की पोर्टलनं आधीच भरली होती, हे त्याच कागदावरून शोधता येतं.