सावळ्या त्वचेवर राखाडी न दिसणारे सनस्क्रीन कसे निवडावे
(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. सावळ्या किंवा काळ्या वर्णाच्या व्यक्तीला सनस्क्रीन लिहून दिले की पुढच्या भेटीत एक तक्रार हमखास ऐकायला मिळते : ‘डॉक्टर, तोंडाला राख फासल्यासारखं दिसतं हो.’ ही तक्रार केवळ दिसण्यापुरती आहे असे समजून ती बाजूला सारणे मला मान्य नाही. चेहरा राखाडी दिसू लागला की माणूस सनस्क्रीन सोडून देत नाही, तर ते कमी लावू लागतो, आणि खरे नुकसान तिथे होते. वेष्टनावरचा एसपीएफ हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देऊन मोजलेला असतो. चेहरा आणि मान मिळून तो थर साधारणपणे तर्जनी व मधले बोट यांच्यावर टोकापासून बुडापर्यंत ओढलेल्या दोन रेघांएवढा भरतो. त्याच्या निम्मेच लावले, तर ५० एसपीएफचे संरक्षण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. म्हणून माझ्या दृष्टीने निवडीची पहिली कसोटी एकच आहे : हे सनस्क्रीन दोन बोटे भरून लावल्यावरही माझ्या त्वचेत मिसळते का?

आता हा राखाडीपणा येतो कुठून ते पाहू. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिजे सूक्ष्म कणांच्या रूपात क्रीममध्ये असतात. अतिनील किरण ती मुख्यतः शोषून घेतात, पण त्याबरोबरच डोळ्यांना दिसणारा प्रकाशही विखरून परत फेकतात. गोरी त्वचा मुळातच बराच प्रकाश परत पाठवते, त्यामुळे तिच्यावर ही भर फारशी जाणवत नाही. गडद त्वचेतील मेलॅनिन प्रकाश शोषून घेते, म्हणून कणांनी परत फेकलेला तेवढाच प्रकाश उठून दिसतो. पांढऱ्या फरशीवर न दिसणारी रांगोळी शेणाने सारवलेल्या अंगणात लख्ख दिसते, तसे. कण जितके बारीक, तितका ते निळ्या बाजूचा प्रकाश अधिक विखुरतात, आणि त्यामुळे तपकिरी त्वचेवर निव्वळ पांढरी छटा न येता निळसर, जांभळट राखाडी छटा येते. नॅनो आकाराचे कण वापरले की एकूण विखुरणेच घटते आणि ही छटा कमी होते, पण ते कण एकमेकांना चिकटून गुठळ्या करतात, त्यामुळे ती पूर्णपणे जात नाही.

केमिकल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सनस्क्रीनमध्ये अॅव्होबेन्झोन, ऑक्टोक्रिलीन, बेमोट्रिझिनॉल यांसारखी द्रव्ये असतात. ती तेलात विरघळतात, त्यांचे कण उरत नाहीत, म्हणून थर पारदर्शक राहतो. मात्र ‘जेल’ किंवा ‘मॅट’ एवढेच शब्द पाहून ट्यूब घेऊ नका. घटकांच्या यादीत झिंक किंवा टायटॅनियम आहे का ते वाचा, कारण पुष्कळ सनस्क्रीन मिश्र प्रकारची असतात आणि त्यांतले थोडेसे टायटॅनियमही गडद वर्णावर लपत नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. जुळे सोलापूरहून चिंचोळी एमआयडीसीपर्यंत रोज स्कूटरवर जाणारी एक गडद वर्णाची तरुणी माझ्याकडे आली. दोन्ही गालांवर वांग होते. तिच्याकडचे सनस्क्रीन निव्वळ झिंकचे होते आणि ती ते वाटाण्याएवढे लावून घासघासून जिरवत होती. तिला आधी एक केमिकल सनस्क्रीन दिले. पांढरेपणा गेला, मात्रा पूर्ण झाली, ऊन लागून होणारी जळजळ थांबली. पण वांग मात्र जसेच्या तसे राहिले. त्याचे कारण असे की गडद त्वचेत डाग वाढवण्याचे काम केवळ अतिनील किरण करत नाहीत, तर दृश्य प्रकाश, विशेषतः त्यातला निळ्या-जांभळ्या बाजूचा भाग, हाही करतो. आणि पारदर्शक सनस्क्रीन, मग ते कितीही एसपीएफचे असो, दृश्य प्रकाश आत येऊ देते. तो अडवायचा तर रंगच हवा. लाल, पिवळे आणि काळे आयर्न ऑक्साइड हे काम करतात, आणि तेच खनिजांचा पांढरेपणाही झाकतात. वेष्टनावर ते सीआय ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ या क्रमांकांनी लिहिलेले असतात. रंग बहुधा यादीच्या शेवटी छापतात, म्हणून शेवटी आहेत याचा अर्थ ते नगण्य आहेत असा घेऊ नये. थोडक्यात, डाग नसतील तर केमिकल पुरेसे आहे. वांग किंवा मुरमांचे काळे डाग असतील तर टिंटेड, म्हणजे असा रंग घातलेले सनस्क्रीन घ्या, असा माझा स्पष्ट सल्ला असतो.

पण टिंटेडची निवड चुकू शकते, आणि या तरुणीच्या बाबतीत पहिल्यांदा तसेच झाले. ‘सर्व वर्णांसाठी एकच छटा’ असे लिहिलेली बरीच टिंटेड सनस्क्रीन प्रत्यक्षात गव्हाळ वर्णासाठी बनवलेली असतात. त्यांत पांढऱ्या टायटॅनियमच्या पायावर थोडा रंग चढवलेला असतो, आणि गडद वर्णावर ती राखाडीऐवजी गुलाबी किंवा नारिंगी दिसतात. म्हणून तिला चाचणी करायला सांगितली. मनगटावर नव्हे, कारण तिथला वर्ण चेहऱ्याशी जुळत नाही. जबड्याच्या कडेवर, मानेला लागून, चेहऱ्यावर लावायच्या तेवढ्याच जाडीने पट्टा लावायचा. क्रीममधले पाणी उडेपर्यंत कोणतेही सनस्क्रीन पांढुरके दिसते, त्यामुळे लगेच निर्णय न देता दहा-पंधरा मिनिटे थांबायचे. मग दुकानातल्या ट्यूबलाइटखाली न पाहता बाहेर उजेडात येऊन पाहायचे, आणि फ्लॅश लावून एक फोटो काढायचा. उघड्या डोळ्यांना न दिसलेला पांढरेपणा फ्लॅशमध्ये उघड होतो. पांढरेपणा उरला तर तो कणांचा आहे. बोट फिरवल्यावर त्याच्या वळकट्या सुटत असतील, तर दोष रंगाचा नसून खाली लावलेल्या मॉइश्चरायझरशी न जुळण्याचा आहे. मॉइश्चरायझर कमी लावावे आणि ते मुरू द्यावे. तिला शेवटी गडद छटेचे, तिन्ही आयर्न ऑक्साइड असलेले टिंटेड जुळले. जबड्याच्या कडेवर रेघ दिसली नाही, म्हणजेच छटा बरोबर होती.

पांढऱ्या सनस्क्रीनमध्ये घरचे फाउंडेशन मिसळून रंग आणण्याचा उपाय अनेक जणी करतात. तो करू नये. दोन्हींची घडण वेगळी असते, मिसळल्यावर थर सलग राहत नाही, आणि संरक्षण किती उरले हे कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी पारदर्शक केमिकल सनस्क्रीन पूर्ण मात्रेत लावून, ते बसल्यावर, वर आयर्न ऑक्साइड असलेले फाउंडेशन किंवा पावडर हलक्या हाताने लावणे चांगले. त्वचेशी जुळणारी छटा टिंटेडमध्ये सापडतच नसेल, तर हाच मार्ग मी सुचवतो.

एक अडचण मात्र आपल्या गावाची म्हणून सांगितलीच पाहिजे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा घामाने टिंट ओघळतो, हेल्मेटच्या पट्ट्याला आणि स्कार्फला लागतो, आणि जिथून तो पुसला गेला तिथे संरक्षणही गेलेले असते. उन्हात असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे. त्यापूर्वी घाम टिपकागदाने किंवा मऊ रुमालाने टिपून घ्यावा, आणि दुसरा थर घासून न पसरवता बोटांनी दाबत बसवावा, म्हणजे खालचा रंग सरकत नाही आणि ठिपके पडत नाहीत. मान आणि कान यांच्यासाठी, कॉलर खराब होऊ नये म्हणून, त्या तरुणीने केमिकलच चालू ठेवले आहे.