अँटीबॉडी यायच्या आधी

[दृश्य: रात्रीची एसटी. थंडीमुळे सगळ्या काचा बंद. मागच्या बाकावर कुणीतरी खोकतंय.]

रविवारची रात्र. साताऱ्याहून पुण्याला निघालेली एसटी. मागच्या बाकावरचा माणूस खोकतो आणि पुढे डुलकी लागलेल्या एका बाईच्या नाकात, श्वासाबरोबर, काही बारीक थेंब शिरतात. त्या थेंबांत फ्लूचा विषाणू आहे, आणि हा नेमका प्रकार तिच्या शरीराने आधी कधी पाहिलेला नाही.

सोमवारी ती नेहमीसारखी कामावर जाते. मंगळवारी दुपारी अंगात कणकण येते आणि संध्याकाळपर्यंत ताप १०२ वर पोचतो. पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. शनिवारी मात्र तिला भूक लागते, अंगदुखी ओसरते.

आता एक हिशेब बघा. नव्या विषाणूविरुद्धच्या अँटीबॉडी रक्तात दिसू लागायला साधारण आठवडा लागतो, आणि त्या भरपूर व्हायला दोन-तीन आठवडे. स्वयंसेवकांना मुद्दाम फ्लूची लागण करून रोज त्यांच्या नाकातले नमुने तपासण्याचे प्रयोग अनेकदा झाले आहेत. त्यांत विषाणूचं प्रमाण दुसऱ्या दिवसाच्या आसपास सर्वांत जास्त असतं, आणि सरासरी पाचव्या दिवसाच्या सुमारास तो सापडेनासा होतो. म्हणजे अँटीबॉडी यायच्या आधीच विषाणू ओसरू लागलेला असतो. हे काम कुणी केलं?

[दृश्य: श्वासनलिकेच्या आतल्या पेशी, सूक्ष्मदर्शकाखाली.]

सोमवार सकाळ. विषाणू श्वासनलिकेच्या अस्तरातल्या पेशीत शिरला आहे. तिथून सहा ते आठ तासांत त्याच्या नव्या प्रती बाहेर पडू लागतील. पण पेशीच्या आत पहारा आहे. रिग-आय नावाचं एक प्रथिन पेशीद्रवात फिरत असतं आणि तिथल्या आरएनए या जनुकीय रेणूंची टोकं तपासत असतं. आपल्या स्वतःच्या संदेशवाहक आरएनएच्या टोकावर एक रासायनिक टोपी असते. फ्लूच्या विषाणूचा जनुकीय आरएनए बोडका असतो, त्याच्या टोकाशी तीन फॉस्फेट उघडे पडलेले असतात. गंमत म्हणजे हा विषाणू आपल्याच आरएनएच्या टोप्या कापून स्वतःच्या संदेशांना लावतो. पण मूळ जनुकांची टोकं त्याला झाकता येत नाहीत, आणि तिथेच तो सापडतो.

रिग-आयचा इशारा पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो आणि पेशी एक प्रथिन बनवून बाहेर सोडते. त्याचं नाव इंटरफेरॉन.

[दृश्य: कृष्णधवल. परीक्षानळ्या, फोडलेलं अंडं, चिमट्यात धरलेला पातळ पडदा.]

या प्रथिनाचा शोध लंडनच्या मिल हिल भागातल्या प्रयोगशाळेत लागला. १९५७ साली ॲलिक आयझॅक्स आणि स्वित्झर्लंडहून आलेले जाँ लिंडेनमन यांनी तो प्रसिद्ध केला. एका विषाणूची लागण झालेल्या पेशींत दुसरा विषाणू नीट वाढत नाही, हे तेव्हा माहीत होतं. का, ते माहीत नव्हतं. या दोघांनी कोंबडीच्या अंड्यात भ्रूणाभोवती असणाऱ्या पडद्याचे तुकडे घेतले आणि उष्णतेने निकामी केलेल्या फ्लूच्या विषाणूसोबत ते एक दिवस ठेवले. मग ते तुकडे बाजूला काढले, आणि फक्त उरलेलं द्रव पडद्याच्या ताज्या तुकड्यांवर घातलं. या ताज्या तुकड्यांना नंतर जिवंत विषाणू दिला, तर तो फारसा वाढेना. पहिल्या पेशींनी द्रवात काहीतरी सोडलं होतं, आणि त्यानेच दुसऱ्या पेशींना वाचवलं होतं. विषाणूच्या कामात अडथळा आणतं म्हणून त्याला त्यांनी इंटरफेरॉन म्हटलं.

या शोधाचं मर्म मला फार मोलाचं वाटतं. इंटरफेरॉन विषाणूला स्पर्शही करत नाही. ज्या पेशीने ते सोडलं, ती बहुधा वाचतही नाही. ते शेजारच्या, अजून धडधाकट असलेल्या पेशींना जाऊन भिडतं आणि त्यांची शेकडो जनुकं चालू करतं. काही प्रथिनं आत शिरणाऱ्या विषाणूला दारातल्या पिशवीतच अडकवून ठेवतात. काही आरएनएचे तुकडे करतात. काही तर पेशीचा प्रथिनं बनवण्याचा कारखानाच बंद करायच्या तयारीत बसतात, म्हणजे विषाणू आत आला तरी त्याला कच्चा माल मिळू नये. अर्थात कारखाना बंद झाला की पेशीचंही पोट मारलं जातं, म्हणून ही अवस्था फार दिवस चालू शकत नाही.

विषाणूही गप्प बसत नाही. त्याच्याकडे एनएस१ नावाचं प्रथिन आहे आणि रिग-आयची हाक दाबणं हे त्याचं एक मुख्य काम. सोमवारचा सगळा दिवस हीच शर्यत चालते. हाक आधी पोचते की विषाणू?

[दृश्य: पांघरूण ओढून पडलेली बाई. उशाशी थर्मामीटर, पाण्याचं भांडं.]

मंगळवार संध्याकाळ. हुडहुडी भरली आहे, पाठ ठणकते आहे. हे विषाणूने केलं असं आपण म्हणतो. पण विषाणू तर श्वासनलिकेत आहे, तो पाठीच्या स्नायूंत गेलेला नाही. पूर्वी हिपॅटायटिस सीच्या रुग्णांना औषध म्हणून इंटरफेरॉनची इंजेक्शनं देत. पहिल्या इंजेक्शननंतर काही तासांतच त्यांना थंडी वाजून ताप यायचा, अंग मोडून निघायचं. फ्लूचा विषाणू अंगात नसताना फ्लूची सगळी लक्षणं! इंटरफेरॉन आणि त्याच्यासोबत सुटणारी दाहाची इतर रसायनं मेंदूतल्या तापमान-नियंत्रण केंद्रापर्यंत संदेश पोचवतात. तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं आणि शरीराचं ‘ठरलेलं’ तापमान वर सरकतं. त्या नव्या आकड्याच्या मानाने अंग अजून गार असतं, म्हणून १०० ताप असतानाही थंडी वाजते. पॅरासिटामॉल हे प्रोस्टाग्लँडिन कमी करतं. ताप उतरतो, पण विषाणूला त्या गोळीने काही होत नाही.

[दृश्य: रुग्णालयाचा लांब, रिकामा बोळ.]

हाक गेलीच नाही, तर काय होतं? फ्रान्समधल्या अडीच वर्षांच्या एका मुलीला एच१एन१ फ्लू झाला. २००९ साली जगभर पसरलेला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पुण्यात देशातला पहिला बळी घेणारा, तोच हा विषाणू. मुलगी एरवी निरोगी होती. तरी तिच्या फुप्फुसांत पाणी भरलं आणि तिला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं. ती वाचली. पुढे संशोधकांनी तिची जनुकं तपासली आणि २०१५ साली कारण प्रसिद्ध केलं. आयआरएफ७ या जनुकाच्या तिच्याकडच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या होत्या, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. आईवडिलांकडे प्रत्येकी एक चांगली प्रत असल्याने त्यांना काहीच त्रास नव्हता.

आयआरएफ७चं काम ध्वनिक्षेपकासारखं आहे. पहिल्या पेशीची हाक बारीक असते, आयआरएफ७ ती मोठी करतं. या मुलीच्या रक्तपेशींना फ्लूचा विषाणू दिला तेव्हा त्यांनी अगदी नगण्य इंटरफेरॉन बनवलं. अँटीबॉडी बनवण्याची तिची यंत्रणा मात्र शाबूत होती. पण पहिल्याच लागणीत, पहिल्या आठवड्यात, तिचा काय उपयोग?

[दृश्य: रक्तवाहिनीच्या भिंतीवरून गडगडत जाणाऱ्या पांढऱ्या पेशी.]

बुधवार-गुरुवार. आता एसटीतल्या त्या बाईच्या श्वासमार्गात न्यूट्रोफिल आल्या आहेत. सीबीसीच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींत निम्म्याहून जास्त ज्यांचा वाटा असतो, त्या याच. अस्थिमज्जा त्या दिवसाला शंभर अब्जांच्या घरात बनवते, आणि त्यांचं आयुष्य अगदी थोडं असतं. लागण झालेल्या भागातून रसायनांची हाक आली की त्या वाहत्या रक्तातून भिंतीकडे सरकतात, भिंतीवर गडगडत येऊन थांबतात आणि दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतात. त्या विषाणू गिळतात, मेलेल्या पेशींचा राडा उचलतात. २००४ साली बर्लिनच्या संशोधकांनी त्यांची आणखी एक रीत दाखवली. त्या स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि त्या जाळ्याला जंतुनाशक प्रथिनं चिकटलेली असतात.

घशात हे चाललं तर घसा दुखतो, एवढंच. फुप्फुसाच्या वायुकोशात चाललं तर गोष्ट वेगळी. तिथे हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा एका मायक्रोमीटरहूनही पातळ आहे. न्यूट्रोफिलची विकरं आणि ती जाळी तो पडदाही खातात. मग द्रव आत झिरपतं आणि प्राणवायू रक्तात पोचेनासा होतो. उंदरांवरचे प्रयोग इथे डोळे उघडणारे आहेत. न्यूट्रोफिल पूर्णपणे काढून टाकल्या तर फ्लू आणखी बळावतो. पण जीवघेण्या लागणीत त्या थोड्याच कमी केल्या तर जास्त उंदीर वाचतात. म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला ऐकला की मी विचारते, कुठल्या दिवशी आणि कुठल्या पेशीची?

[दृश्य: खिडकीत बसून पेज पिणारी बाई.]

शनिवार. आपल्या बाईचा ताप उतरला आहे. याच वळणावर एक धोका असतो. दोन दिवस बरं वाटून पुन्हा थंडी-ताप आला, खोकल्यातून पिवळा किंवा गंजासारखा कफ पडू लागला, धाप लागली, तर तो बहुधा मूळ फ्लू नसतो. न्यूमोकॉकससारख्या जिवाणूने फुप्फुस धरलेलं असू शकतं. रक्ततपासणीत न्यूट्रोफिल आणि सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन चांगलेच वाढलेले दिसले तर संशय बळावतो, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो. १९१८च्या साथीत दगावलेल्या ५८ जणांच्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांचे नमुने २००८ साली पुन्हा तपासले गेले, तेव्हा जवळपास सगळ्यांत जिवाणूंच्या न्यूमोनियाच्या खुणा निघाल्या.

जिवाणूला नेमकी हीच वेळ का साधते? फ्लूने अस्तर सोललेलं असतं, हे एक. दुसरं कारण उंदरांत सापडलं. विषाणूला अडवणारं इंटरफेरॉनच न्यूट्रोफिलना बोलावणारी रसायनं दाबतं. ज्या उंदरांच्या पेशींना इंटरफेरॉन ओळखताच येत नव्हतं, त्यांनी फ्लूनंतर आलेला न्यूमोकॉकस जास्त चांगला हटवला. सोमवारी जे वाचवत होतं, तेच शनिवारी दार उघडं ठेवत होतं.

[दृश्य: सकाळचं बसस्थानक.]

पुढचा सोमवार. तिला पुन्हा ताप आलेला नाही. नाकात आता विषाणू जवळपास नाही, आणि रक्तात या विषाणूविरुद्धच्या पहिल्या अँटीबॉडी मोजता येण्याइतक्या होऊ लागल्या आहेत. पुढच्या वेळी हाच विषाणू आला तर त्या आधीच हजर असतील.

फ्रान्समधल्या त्या मुलीला दरवर्षी फ्लूची लस दिली जाऊ लागली. तिचं आयआरएफ७ दुरुस्त झालेलं नाही, हाक आजही क्षीणच आहे. शोधनिबंध प्रसिद्ध होईपर्यंतच्या वर्षांत तिला पुन्हा तसा गंभीर फ्लू झाला नव्हता.