एकच खुर्ची, दोन भाव

(ठाण्यातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

एकच वस्तू वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना वेगवेगळ्या भावाने विकणं म्हणजे प्राइस डिस्क्रिमिनेशन. त्याचे तीन प्रकार अर्थशास्त्रज्ञ पिगूने 1920 मध्ये मांडले, ते पटकन उरकतो. फर्स्ट डिग्री म्हणजे प्रत्येक गिऱ्हाईक जास्तीत जास्त जेवढं देईल तेवढं त्याच्याकडून काढायचं, हे बहुतेक पुस्तकातच राहतं. सेकंड डिग्रीत विक्रेता माणूस ओळखत नाही, पर्याय समोर ठेवतो आणि गिऱ्हाईक आपणहून निवडतं, लोकलचं रोजचं तिकीट आणि महिन्याचा पास बघा ना, जास्त फेऱ्या करणाऱ्याला एक फेरी स्वस्त पडते. थर्ड डिग्रीत गट पाडून गटागटाला वेगळा भाव, आणि पेपरात गणित आलं तर बहुधा याच्यावरच येतं, म्हणून इथेच थांबू.

समजा वाशीत एक थिएटर आहे, आकडे माझे आहेत हां. शंभर नोकरदार 300 पर्यंत द्यायला तयार, शंभर विद्यार्थी 150 पर्यंत, खुर्च्या दोनशे, आणि शो लागणारच आहे म्हणून एका जादा प्रेक्षकाचा खर्च जवळपास शून्य. सगळ्यांना 300 लावले तर फक्त नोकरदार येतात, गल्ला 30,000. सगळ्यांना 150 लावले तर हॉल फुल्ल, पण गल्ला परत 30,000च! आता नोकरदाराला 300 आणि विद्यार्थ्याला 150 लावा, 45,000 झाले. खुर्ची तीच, पिक्चर तोच.

मग सगळेच असं का करत नाहीत? पहिलं म्हणजे भाव ठरवायची ताकद हवी, शेजारी तसंच थिएटर 200 ला तिकीट देत असेल तर तुमच्या 300 ला कोण विचारतंय. दुसरं, दोन्ही गटांची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते, वेगळी हवी, भाव वाढला की विद्यार्थी लगेच गळतो, नोकरदार कुरकुरत का होईना येतो, म्हणून जास्त भाव त्याला. दोघं सारखेच वागत असते तर दोन भावांतून काहीच हाती लागलं नसतं.

तिसरी अट मुलं हमखास विसरतात, रीसेल. एखादा पोरगा 150 ची तिकिटं उचलून बाहेर नोकरदारांना 200 ला विकायला लागला तर त्याला 50 सुटले, नोकरदाराचे 100 वाचले, आणि थिएटरच्या 300 च्या खिडकीवर माशा. गल्ला घसरून परत 30,000. म्हणून कॉलेजचं आयडी खिडकीवर बघून भागत नाही, आत सोडताना दारावर बघावं लागतं, आणि त्या तपासणीचा खर्च वरच्या 15,000 पेक्षा कमी हवा, नाहीतर हा खटाटोप करायचाच कशाला? केस कापणं, डॉक्टरची फी असल्या सेवांमध्ये हा त्रासच नाही, कापलेले केस कोण विकणार!

आणि पेपरातला एक सापळा. भाव वेगळा दिसला की लगेच प्राइस डिस्क्रिमिनेशन लिहू नका. दुकानात 100 ची वस्तू घरपोच 120 ला आणि पोचवायला खरंच 20 लागत असतील, तर तो खर्चातला फरक आहे. पण पोचवायला 20 लागत असताना घरपोचही 100 लाच दिली, तर भाव एकच दिसतो आणि तरी भेदभाव होतोच, कारण दुकानात येणाऱ्याकडून दुकानदार 20 जास्त कमावतोय.