उशीर नेमका कधी होतो?

नमस्कार मुलांनो, मुलींनो, आणि घरी बसून ऐकणाऱ्या मोठ्यांनाही नमस्कार. मी शाळेत विज्ञान शिकवतो. आज बोलायचंय मासिक पाळीच्या चक्राबद्दल. हा धडा मी मुलामुलींना वेगवेगळं बसवून शिकवत नाही. पहिली पाच मिनिटं हसू दाबण्यात जातात, ती जाऊ द्यायची. एकदा आकडे सुरू झाले की हसू आपोआप थांबतं.

माझ्या टेबलावर एक खोका असतो. त्यात नाव न लिहिता चिठ्ठी टाकायची. यंदा त्यात एक चिठ्ठी आली, आणि मला वाटलं की आजचं सगळं बोलणं याच चिठ्ठीवर करावं. तिच्यात लिहिलं होतं, ‘पुस्तकात 28 दिवसांचं चक्र दिलंय. माझ्या तारखा अशा आहेत: 4 जून, 4 जुलै, 10 ऑगस्ट, 8 सप्टेंबर. ऑगस्टमध्ये मी फार घाबरले होते. माझ्यात काही बिघाड आहे का?’

कागद-पेन्सिल घ्या, कारण रेडिओवर फळा नाही. या तारखांमधलं अंतर मोजा. 4 जून ते 4 जुलै, 30 दिवस. 4 जुलै ते 10 ऑगस्ट, 37 दिवस. 10 ऑगस्ट ते 8 सप्टेंबर, 29 दिवस. मोजायची रीत अशी की रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस, आणि पुढची पाळी सुरू होईपर्यंत एक चक्र. पाळी थांबल्यापासून मोजायचं नाही, ही चूक पुष्कळ जणी करतात.

आता 37 चौकोनांची एक ओळ काढा. हे तिचं लांबलेलं चक्र. पहिल्या चौकोनात 4 जुलै लिहा. मुलग्यांनी पण काढायचंय.

पहिले चार-पाच चौकोन रंगवा, हे पाळीचे दिवस. गर्भाशय आतून जे अस्तर तयार करतं, ते या दिवसांत सुटून बाहेर पडतं, सोबत थोडं रक्त. थोडं म्हणजे किती, हाही खोक्यातला प्रश्न होता, आणि अक्षरावरून तो बहुधा मुलग्याचा असावा: ‘इतकं रक्त जातं तर मुली बेशुद्ध का पडत नाहीत?’ तर सगळ्या दिवसांचं मिळून साधारण 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं. मोठे दोन-तीन चमचे. त्यात अस्तराचे तुकडे आणि इतर स्राव मिसळतात, पॅडवर ते पसरतं, म्हणून दिसतं जास्त. आणि ते ‘घाण रक्त’ नसतं. हातावर खरचटलं की जे येतं, तेच रक्त.

पाळी चालू असतानाच पुढची तयारी सुरू होते. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी लोंबते, तिचं नाव पीयूषिका. ती रक्तातून अंडाशयाला एक संप्रेरक पाठवते. अंडाशयात बीजांडं आधीपासूनच असतात, मुलगी जन्मते तेव्हाच. प्रत्येक बीजांड पेशींच्या एका पिशवीत असतं, तिला पुटिका म्हणतात. संप्रेरक पोचलं की काही पुटिका वाढायला लागतात, आणि त्यातली बहुधा एकच पुढे निघते, बाकीच्या मागे पडून जिरतात. पुढे निघालेली पुटिका वाढता वाढता इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक बनवते. त्यामुळे गर्भाशयाचं अस्तर पुन्हा जाड होऊ लागतं. पाळीनंतर ते दोन-तीन मिलिमीटर उरलेलं असतं, ते वाढत जातं.

इथे मुलग्यांसाठी एक गोष्ट सांगतो. पीयूषिकेची हीच संप्रेरकं तुमच्याही शरीरात आहेत, ती वृषणांना काम सांगतात. फरक एवढाच की तुमच्याकडे ते काम रोज साधारण सारखं चालतं आणि मुलींमध्ये ते वळणावळणाने चालतं.

तर पुटिका वाढतेय, इस्ट्रोजेन वाढतंय. ते पुरेसं वाढून दोनेक दिवस तसंच टिकलं की पीयूषिका दुसऱ्या एका संप्रेरकाचा एकदम मोठा लोंढा सोडते. त्यानंतर साधारण दीड दिवसात पुटिका फुटते आणि बीजांड बाहेर येतं. याला अंडमोचन म्हणतात. तोवर ती पुटिका जवळपास दोन सेंटिमीटरची झालेली असते.

आता नीट ऐका, चिठ्ठीचं उत्तर इथेच आहे. पीयूषिका दिवस मोजत नाही. ती पुटिका तयार होण्याची वाट बघते. तयार व्हायला 12 दिवस लागोत की 22, तोवर लोंढा येत नाही. आणि या वाट बघण्यात अडथळा यायला फार काही लागत नाही. जोराचा ताप, एकदम घटलेलं वजन, खूप जास्त व्यायाम आणि कमी खाणं, मोठा ताण. शरीर अडचणीत असेल तर मेंदू पीयूषिकेला हळू चालायला सांगतो आणि पुटिकेची वाढ रेंगाळते.

अंडमोचन झाल्यावर मात्र गोष्ट बदलते. फुटलेली पुटिका वाया जात नाही. तिचा पिवळसर गोळा बनतो, पीतपिंड. तो प्रोजेस्टेरॉन बनवतो आणि अस्तर टिकवून धरतो. या पीतपिंडाचं आयुष्य साधारण दोन आठवडे. बीजांडाचं फलन होऊन गर्भ रुजला, तर तो गर्भच एक संप्रेरक पाठवून पीतपिंडाला जगवतो आणि पाळी येत नाही. तसं झालं नाही, तर पीतपिंड सुकतो, प्रोजेस्टेरॉन घसरतं, अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्या आवळतात, अस्तर सुटतं. पाळी. दर वेळी साधारण 14 दिवस, एखाद-दोन दिवस इकडे तिकडे. ताप येवो, परीक्षा असो, या भागाला फारसा फरक पडत नाही.

म्हणजे चक्राचे दोन भाग आहेत. पहिला ताणला जातो, दुसरा जवळपास ठरलेला.

हे उमगायलाही वेळ लागला. जपानमधले डॉक्टर क्यूसाकू ओगिनो यांनी शस्त्रक्रियांच्या वेळी बायकांची अंडाशयं प्रत्यक्ष पाहिली, त्यांच्या पाळीच्या तारखांशी ताडली, आणि 1924 मध्ये आपला निष्कर्ष छापला. अंडमोचन मागच्या पाळीपासून पुढे मोजू नका, पुढच्या पाळीपासून मागे मोजा. दिशा बदलल्याबरोबर गोंधळ सुटला.

आपणही मागे मोजू. 37 चौकोनांच्या ओळीत शेवटून 14 चौकोन मागे या. हे दिवस पीतपिंडाचे. तुम्ही 27 जुलैवर पोचाल. म्हणजे 4 जुलैनंतर 23 दिवसांनी अंडमोचन झालं असावं. जूनच्या चक्राला हेच करा, 20 जून येतो, म्हणजे 16 दिवसांनी. ऑगस्टच्या चक्रात 25 ऑगस्ट, 15 दिवसांनी. मधल्याच वेळी सात-आठ दिवस जास्त का? चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहिलं होतं, ‘जुलैत आठवडाभर खूप ताप होता.’ ताप आला तेव्हा पुटिका वाढत होती. ती थांबली, मग पुन्हा निघाली.

त्या मुलीला वाटत होतं, पाळी 3 ऑगस्टच्या आसपास यायला हवी, आणि आली नाही म्हणून ती घाबरली. पण ऑगस्टमध्ये उशीर झालाच नव्हता. उशीर जुलैत होऊन गेला होता, आणि तेव्हा तिला त्याचा पत्ताही लागला नाही. पाळी वेळेवरच आली, अंडमोचनानंतर दोन आठवड्यांनी.

आता या हिशेबाची मर्यादा. पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली दोन-तीन वर्षं मेंदू, पीयूषिका आणि अंडाशय यांचा मेळ पुरता बसलेला नसतो. काही चक्रांत अंडमोचन होतच नाही. मग पीतपिंड नाही, प्रोजेस्टेरॉन नाही, आणि 14 दिवसांचा नियमही नाही. इस्ट्रोजेनच्या जोरावर अस्तर वाढत राहतं आणि कधीतरी आपल्याच भाराने थोडं थोडं सुटतं. अशी पाळी अवेळी येते, कधी जास्त दिवस रेंगाळते. म्हणून तुमच्या वयात 21 ते 45 दिवसांमधलं कुठलंही अंतर डॉक्टर सर्वसाधारण धरतात. पुस्तकातला 28 हा आकडा सरासरी सांगायच्या सोयीचा आहे. मला विचाराल तर तो धड्यात इतका ठळक छापायला नको होता, कितीतरी मुली त्याच्यामुळे उगाच स्वतःला चुकीच्या समजतात.

मग डॉक्टरकडे कधी जायचं? तीन महिने पाळी आलीच नाही. सात दिवसांहून जास्त चालली. तासा-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजतंय आणि बदलावं लागतंय, असं कितीतरी तास चाललंय. किंवा 15 वर्षं पूर्ण झाली तरी पहिली पाळी नाही. यातलं काहीही असेल तर आईला, ताईला, शिक्षकांना, ज्यांना सांगता येईल त्यांना सांगा. जाताना तारखा लिहिलेला कागद न्या, डॉक्टर आधी तोच मागतील.

आणि कळा. अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, ती गर्भाशयाच्या स्नायूला आवळायला लावतात. स्नायू आवळला की त्याचा रक्तपुरवठा घटतो आणि दुखतं. हे नाटक नसतं, मुलग्यांनो. ती द्रव्यं काही जणींत जास्त बनतात, म्हणून एकीला काहीच होत नाही आणि दुसरी बाकावर डोकं टेकवून बसते. डॉक्टर जी गोळी देतात ती बहुधा ही द्रव्यं बनणंच कमी करते. म्हणून ती कळा सुरू होताहोता घेतली तर जास्त उपयोगी पडते. पण औषध कुठलं आणि किती, ते डॉक्टर ठरवणार. दुखण्यामुळे दर महिन्याला शाळा बुडत असेल, तर तेही दाखवायला हवं.

हे सगळं वर्गात सांगून झालं, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. म्हणाला, ‘सर, पण मागे मोजायचं म्हणजे पाळी आल्यावरच कळणार. अंडमोचन आधी नाही का कळत?’

प्रश्न बरोबर होता, आणि म्हणूनच तारखांवरून पुढचं भाकीत करणाऱ्या कुठल्याही हिशेबावर फार विसंबता येत नाही. मी त्याला म्हटलं, एक खूण आहे. प्रोजेस्टेरॉन शरीराचं तापमान किंचित वाढवतं. रोज सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी थर्मामीटर लावला, तर अंडमोचनानंतर ते 0.2 ते 0.5 अंश सेल्सिअसने चढलेलं दिसतं आणि पाळीपर्यंत चढलेलंच राहतं.

त्याने क्षणभर विचार केला. ‘म्हणजे सर, तेही झाल्यावरच कळतं.’

हो, म्हटलं. तेही झाल्यावरच.

नमस्कार.